कंटेनर गेल्याबद्दल विलासला पत्र

ता. तासगाव, जि. सांगली
२७ जानेवारी २०२०

प्रिय मित्र विलास यास,
सप्रेम नमस्कार.

तुझा द्राक्षांचा माल युरोपला गेला, पहिला कंटेनर न्हावा शेवा बंदरातून रवाना झाला, ही बातमी मला शनिवारी तासगावात औषधांच्या दुकानात कळली. तुझे आणि वहिनींचे मनापासून अभिनंदन. हे अभिनंदन फोनवरही करता आले असते, परंतु गेले तीन महिने फोनवर बोलताना माझा आवाज मला साथ देत नाही आणि या आनंदाच्या प्रसंगी तुला माझा तसला आवाज ऐकू जावा अशी माझी इच्छा नव्हती, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

बारा वर्षांची ही धडपड मी जवळून पाहिली आहे. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले त्या २०१६ च्या उन्हाळ्यात तुझी विहीर तळाला गेली होती, तेव्हा तू टँकर विकत घेऊन बाग जगवलीस आणि वहिनींनी त्यासाठी पाटल्या मोडल्या. दोन वर्षांपूर्वी मण्यांचा आकार, गोडी, रंग सगळे जमून आले असताना नमुन्यात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि तयार झालेला माल तुला स्थानिक व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने द्यावा लागला. तो फवारा तुझ्या बागेतला नव्हता, शेजारच्या बागेतून वाऱ्याने आला होता. दुसऱ्या कोणी असते तर शेजाऱ्याशी कायमचे वैर धरले असते. तू मात्र त्यांच्या बांधावर जाऊन बसलास, दोघांच्या फवारणीचे दिवस ठरवून घेतलेस आणि कडेच्या ओळींना शेवरीची दाट ताटी उभी केलीस. यंदा नमुना पास झाला तो त्या ताटीमुळे आणि तुझ्या त्या समजूतदारपणामुळे, असे मी मानतो. फवारणीची नोंदवही तू दर रविवारी पूर्ण करीत असायचास, त्यावरून आम्ही तुला चिडवत असू. आज ती वही डोळ्यांपुढे येते आणि तुझा अभिमान वाटतो.

आणखी एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. सहा सप्टेंबरला तू छाटणी घेतलीस तेव्हा, एवढ्या लवकर छाटू नकोस, परतीच्या पावसात सापडशील, असे मी तुला दोनदा बजावले होते. मी स्वतः दहा ऑक्टोबरपर्यंत थांबलो. दिवाळीच्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा तुझ्या बागेत मणी धरले होते आणि माझ्या बागेत पोंग्यातून घड नुकते बाहेर पडत होते. चिखलात ट्रॅक्टर जाईना, पाठीवरच्या पंपाने मारलेले औषध तासाभरात धुऊन जाई, आणि आठ दिवसांत डाऊनीने दोन एकरांतले घड काळे करून टाकले. तुझ्याही बागेला त्या पावसाने त्रास दिलाच, पण तू रात्री-अपरात्री फवारण्या करून ती सांभाळलीस. तुझा अंदाज बरोबर होता आणि माझा चुकला. हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही. तुझ्या यशाला कोणी नुसते नशीब म्हणू लागले तर मी त्याला ही तारखेची गोष्ट सांगणार आहे.

आता जे लिहायला मला दोन दिवस लागले ते लिहितो. दुकानात तुझे नाव ऐकल्यावर पहिल्या क्षणी मला आनंद झाला नाही, विलास. माझ्या हातात उधारीची वही होती, मागची बाकी भरायला आणखी मुदत मागायला मी तेथे गेलो होतो, आणि पोटात काहीतरी दुखल्यासारखे झाले. घरी येऊन मी हिच्याशीही बोललो नाही. रात्री विचार करता करता माझ्या ध्यानात आले की, मला टोचत होते ते तुझे यश नव्हते, तर तू ते माझ्यापासून लपवलेस हे होते. मागच्या रविवारी तू फोन केलास, आईच्या गुडघ्याची चौकशी केलीस, सोसायटीच्या कर्जाचे काय झाले ते विचारलेस, मुलाची फी भरली का तेही विचारलेस, आणि तेव्हा तुझ्या शेडमध्ये पॅकिंग चालू होते! त्याबद्दल तू अवाक्षर काढले नाहीस. माझ्या जखमेवर मीठ पडू नये म्हणून तू गप्प राहिलास, हे मला कळते. पण तुझी ती काळजी मला फार एकटे करून गेली. माझी बाग गेली आहे. मित्राच्या घरचा आनंद ऐकण्याची माझी पात्रताही गेली, असे कृपा करून कोणी धरून चालू नये, तू तर नाहीच.

म्हणून एक विनंती आहे. मला सगळे सविस्तर सांग. मणी किती मिलिमीटर भरले, किती पेट्या गेल्या, पॅकहाऊसच्या माणसाने माल पाहून काय म्हटले, किलोला काय दर मिळाला, हे सगळे मला ऐकायचे आहे. ऐकताना मी एखाद्या वेळी गप्प झालो तर विषय बदलू नकोस, थोडा थांब आणि पुढे सांगत राहा. मला वाईट वाटेलही, पण त्याच वेळी तुझ्याबद्दल आनंदही वाटत असेल, आणि ही दोन्ही माझ्या मनात खरी आहेत.

माझ्याकडची स्थिती थोडक्यात सांगतो, म्हणजे तुला दुसरीकडून विचारावे लागणार नाही. कर्जाचे हप्ते लांबले आहेत. मुलाने सांगलीतले महाविद्यालय सोडलेले नाही आणि ते सुटू द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. बाग तोडायची नाही. एप्रिलची खरड छाटणी घ्यायची, काडी चांगली तयार करायची, असा विचार आहे. पैशांचा विषय मी या पत्रात आणत नाही आणि तूही आनंदाच्या पैशातून मला काही देऊ करू नकोस. अडचण फारच वाढली तर मी स्वतः तुझ्या दारात येऊन मागेन, एवढा हक्क मी अजून धरून आहे.

गुरुवारी तुमच्याकडे सत्यनारायण आहे, हेही मला दुकानातच समजले. आम्हाला बोलावणे आलेले नाही, तरी आम्ही दोघे येणार आहोत. हिने वहिनींसाठी खण काढून ठेवला आहे. पंगतीत वाढायला मला ठेव, कॉलेजपासून तुझ्या प्रत्येक कार्यात ते काम माझे आहे.

एक काम मात्र तू कर. पॅकिंगमधून बाजूला काढलेल्या मालातले दोन घड आईसाठी राखून ठेव. यंदा तिला घरची द्राक्षे खायला मिळाली नाहीत, आणि बाजारातली तिने हातात घेऊन परत ठेवली. तुझ्या बागेतली म्हटल्यावर ती खाईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता