नववी 'ब'च्या निबंध-वह्यांवरचे शेरे

प्रिय मॅडम,

नववी 'ब'च्या 34 निबंध-वह्या वाचून झाल्या. विषय दोन होते, 'आमच्या घरची चवथ' आणि 'फेरीबोटीतला प्रवास'. मुलांनी कसं लिहिलं किंवा तुम्ही गुण किती दिले, यात मी शिरलो नाही. फक्त तुमचे शेरे वाचले. वही परत हातात आल्यावर मुलाला त्या शेऱ्यावरून नेमकं काय करता येईल, एवढंच पाहत होतो.

तुम्ही प्रत्येक निबंध शेवटच्या ओळीपर्यंत वाचता हे वही उघडताच कळतं. तिसऱ्या पानावरची चुकलेली वेलांटीसुद्धा तुमच्या नजरेतून सुटलेली नाही. नुसती सही करून वही बंद केली, असं एकाही ठिकाणी नाही. इतकी मेहनत घेऊनही शेरा मुलाच्या कामी येत नसेल तर वाईट वाटतं, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात तुमच्याच एका शेऱ्यापासून करतो. चोडणच्या फेरीबोटीवर लिहिणाऱ्या मुलाने एक वाक्य टाकलंय, 'बोट धक्क्याला लागली आणि मला खूप मजा वाटली.' समासात तुम्ही लिहिलंत, 'रॅम्प खाली येतानाचा आवाज तू ऐकला असशील. तो इथे येऊ दे.' याहून चांगला शेरा मला तरी लिहिता आला नसता. जागा दाखवलीत, काय घालायचं ते सांगितलंत, आणि त्या पोराला हे जमेल असा विश्वासही त्यात आपोआप आला. 'छान' नाही, 'वाईट' नाही, तरी मुलाला बरं वाटेल. या जातीचे शेरे सगळ्या वह्यांत मिळून तीन सापडले. तिन्ही समासात आहेत. निबंधाखाली तांबड्या शाईत शेवटचा शेरा लिहिताना मात्र तुमचा हात बदलतो. तिथे 'मुद्दे अपुरे', 'वर्णन कमी', 'प्रयत्न वाढव' असे शिक्के उमटतात.

त्यातला 'भाषा सुधार' हा शेरा 11 वह्यांवर आहे. एका मुलीचं वाक्य पाहा, 'आम्ही सकाळी देवळात गेले आणि दुपारी घरी आले.' तुम्ही दोन्ही क्रियापदांखाली रेघ ओढलीत आणि खाली 'भाषा सुधार' लिहिलंत. तिला वाटणार, आपली सगळी भाषाच नासकी आहे. प्रत्यक्षात तिची चूक एकच आहे आणि ती नियमाने होते. घरी कोंकणीत ती 'आमी गेले' ऐकते, तेच रूप मराठीत आणते. या 11 पैकी निम्म्याहून अधिक वह्यांत हीच चूक आहे. तिथे शेरा असा हवा: ''आम्ही'पुढे जाणं, येणं, बसणं, राहणं यांची रूपं गेलो, आलो, बसलो, राहिलो अशी होतात. या पानावर अशी आणखी तीन ठिकाणं आहेत. शोधून दुरुस्त कर.' तीन ठिकाणं तुम्ही स्वतः खुणावू नका. शोधण्याचं काम तिचं. आणि इतक्या जणांची एकच चूक असेल तर ती वहीत पुन्हापुन्हा लिहिण्यापेक्षा फळ्यावर पाच मिनिटांत उरकेल.

(जाता जाता: माटोळी, पोदेर, शिगमो या शब्दांखाली रेघ नको. ते या मुलांच्या मराठीतले शब्द आहेत.)

आता स्वराबद्दल. बहुतेक ठिकाणी तो कोरडा आहे, कडवट नाही. पण दोन शेरे मला खटकले. 'झोपेत लिहिलंस का?' हा पहिला. या वह्या घरी जातात, पालक सही करतात. आईसमोर हे वाचलं जातं. त्या निबंधात परिच्छेद अर्ध्यातच तुटलेत हे खरं आहे, मग 'दुसरा परिच्छेद मध्येच थांबलाय, आरतीनंतर काय झालं ते लिहून पुरा कर' एवढंच पुरे.

दुसरा शेरा अधिक महागात पडणारा आहे. एका मुलीने माटोळीचं वर्णन केलंय: नारळ, सुपारीचा घड, कांगलं, माट्टीची फळं, चिबूड, सगळं ओळीने. खाली तुमचा शेरा: 'निबंध आहे की बाजाराची यादी?' तुमचं निरीक्षण बरोबर आहे, ती यादीच आहे. पण तिला यातून कळणार काय? माटोळी लिहिली म्हणून बोलणी बसली. पुढच्या वेळी ती माटोळी गाळेल आणि 'गणपती ही विद्येची देवता आहे' असं मार्गदर्शकातलं वाक्य लिहील. म्हणजे वर्गातला सर्वांत जिवंत परिच्छेद आपणच मारायचा. मी लिहिलं असतं, 'माटोळीला काय काय बांधलं ते सगळं आलं. आता यातली दोन फळं निवड. ती कुणी, कुठून आणली आणि वर कुणी बांधली, ते चार वाक्यांत लिही.'

हुशार मुलांच्या वह्यांकडेही एकदा पाहा. 'उत्तम!', 'शाबास, हुशार मुलगी!' यापुढे तिथे काही नाही. कौतुक मुलीचं झालं, निबंधाचं राहिलं. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीचा शेवट चांगला जमलाय, पण सुरुवातीचा परिच्छेद पाठ केलेला वाटतो. हे तिला कुणीच सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तर सर्वांत लवकर तीच सुधारेल.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. वही परत मिळते तोवर पुढचा निबंध दुसऱ्याच विषयावर सुरू झालेला असतो. मग कितीही नेमका शेरा असला तरी मूल तो वापरणार कुठे? वही उघडून ते दहापैकी किती मिळाले ते बघतं आणि मिटतं. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा तो फायदा उरला नाही. गुण बंद करा असं मी म्हणत नाही, पालक विचारणारच. पण वही गुणांविना परत द्या, त्याच तासाला मुलांना दहा-पंधरा मिनिटं देऊन समोरच्या पानावर तो एकच परिच्छेद पुन्हा लिहून घ्या, आणि गुण त्यानंतर टाका.

यामुळे तुमचं काम वाढू नये. त्यासाठी शुद्धलेखन फक्त पहिल्या पानावर तपासा आणि निबंधाखाली एकच शेरा लिहा, ज्यात करायचं काम असेल. एका मुलाच्या पानावर मी 19 तांबड्या खुणा मोजल्या आणि खाली 'अक्षर!' असा शेरा. एवढ्यातून तो काय उचलणार?

ज्यांवरचे शेरे आधी बदलावेत असं वाटतं त्या सहा वह्या वेगळ्या बांधून स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात ठेवल्यात, आत पेन्सिलीने टिपणं आहेत. पटतील तेवढीच घ्या, बाकी खोडा. माटोळीवाल्या मुलीला मात्र शेरा बदलून वही तुम्ही स्वतः द्या, मॉनिटरच्या हाती नको. सोमवारी पाचव्या तासाला मी मोकळा आहे. फेरीबोटीच्या निबंधांवर तेव्हा बोलू.

आपला,
मराठी विभागप्रमुख