सातवा बहर: विश्व आणि पात्रांचं बायबल (टीमसाठी)

आपल्या गेमचे हे कागद कोडिंग, आर्ट, साउंड आणि लेखन या चारही टेबलांसाठी आहेत. खेळाडूच्या हाताला जे जे करता येतं, त्याचं कारण या जगातच सापडलं पाहिजे, म्हणून हे लिहिलं आहे. मेनूतल्या सूचनेत सापडणारं कारण आपण कारण मानत नाही. एखादं मेकॅनिक आवडलं पण खालच्या नियमातून निघत नसेल, तर ते मेकॅनिक बदलायचं. नियम बदलायचा नाही.

एकच नियम

आडघाट या आपल्या गेममधल्या देशात जे दगडावर कोरलं गेलं ते घडत राहतं. जे कोरलं नाही ते हळूहळू विरतं.

जादू म्हणून वेगळं काही नाही. मंत्र नाहीत, माना नाही, निवडलेल्या वंशाचं रक्त नाही. पाथरवट हाच या देशातला सर्वांत सामर्थ्यवान माणूस, आणि त्याला गावकुसाबाहेर राहावं लागतं, कारण त्याच्या छिन्नीची सगळ्यांना भीती वाटते.

भूमी

तळ, घाट, माथा असे तीन पट्टे. तळाला खाड्या, भातखाचरं आणि जांभ्याचे सडे. घाटात काळा कातळ, कारवीचं रान, धुकं. माथ्यावर पठार, गढ्या आणि कोरडा वारा. नकाशा उभा आहे, आडवा नाही. खेळाडूने सतत वर पाहिलं पाहिजे किंवा खाली.

आधार सह्याद्रीचा आहे आणि तो लपवायचा नाही. कोकणातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट, तिथला जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण, लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. त्या लेखात यज्ञांची आणि दानांची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, सगळं आकड्यांसह. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हिशोब कातळावर लिहिला आणि तो आजही वाचता येतो. आपला नियम तिथून आला. पण आडघाट म्हणजे नाणेघाट नव्हे. सातवाहनांचं नाव, खरा राजा, खरं घराणं गेममध्ये येणार नाही.

मरण आणि परत येणं

सगळा गेम इथे उभा आहे, म्हणून सविस्तर.

वीरगळ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, देवळाच्या आवारात, पारावर, कधी रस्त्याच्या कडेला आडवे पडलेले. सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताना. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. खालून वर वाचायचा दगड.

आपली नायिका तानी सहा वर्षांची असताना तापाने जाणार असं वैदूने सांगितलं. तिच्या बापाने, धोंडिबा पाथरवटाने, एका रात्रीत तिचा वीरगळ कोरला. खालची चौकट कोरली, मधली कोरली, वरची कोरी ठेवली. तानी पडते, उचलली जाते, पण पोचायला जागाच नाही. म्हणून ती परत येते.

यातून आपोआप निघणाऱ्या गोष्टी:

सेव्ह पॉइंट म्हणजे हेच अर्धे वीरगळ. मुलगी वाचल्यावर धोंडिबा घर सोडून घाट चढत गेला आणि प्रत्येक मुक्कामाला तोच दगड पुन्हा कोरत गेला. तानीने दगडाला तेल-शेंदूर लावला की तो जागा होतो. शेवटी जागवलेल्या दगडापाशी ती उठते. शेंदूर संपला असेल तर दगड जागवता येत नाही. शेंदूर दुर्मीळच राहू द्या.

शत्रू परत का येतात? खालच्या चौकटीत एकटी तानी नसते, तिच्याशी लढणारेही असतात. ती मेली की ती लढाई कोरली जाते, म्हणजे मारणारे आणि मेलेले दोघेही पुन्हा घडतात. ती न मरता पुढे गेली तर ते शत्रू कायमचे गेले. डिझायनरांनी हे नीट धरून ठेवा: आपल्याकडे शत्रू विश्रांती घेतल्यावर परत येत नाहीत, मेल्यावर येतात. ज्या वाटेवर तानी कधी पडली नाही ती वाट खरोखर निर्मनुष्य होत जाईल. अर्ध्या गेमनंतर ही शांतता अंगावर आली पाहिजे.

प्रत्येक मरणानंतर जागवलेल्या दगडाच्या खालच्या चौकटीत एक आकृती वाढते. आर्ट टेबलला हे महाग पडेल याची मला जाणीव आहे, तरी यावर तडजोड नको. मरणांचा आकडा स्क्रीनवर कुठेही लिहायचा नाही, तो दगडावरच दिसेल.

बॉस परत येत नाहीत, कारण त्यांचे दगड पूर्ण आहेत. वरची चौकट भरलेली असली की पोचायला जागा असते.

फास्ट ट्रॅव्हल

माथ्यावर आणि घाटाच्या तीन खिंडींत जकातीचे रांजण आहेत. एका रांजणातून दुसऱ्याकडे क्षणात जाता येतं. जकात म्हणून मधल्या वाटेची आठवण द्यावी लागते. चाललेली वाट कुणी कोरून ठेवलेली नसते, ती फक्त चालणाऱ्याच्या मनात असते, म्हणून ती काढून घेता येते. जी वाट तानी चाललीच नाही ती द्यायला तिच्याकडे नसते. ओळखीच्या ठिकाणीच का उडी मारता येते, हा प्रश्न इथे मिटतो.

किंमत खरी आहे. तो पट्टा नकाशावरून पुसला जातो, आणि त्या वाटेवर भेटलेल्या माणसांशी बोलताना तानी त्यांना ओळखत नाही. पुन्हा चालून गेलं की नकाशा येतो, ओळख नव्याने करावी लागते. लेखकांनी अशा प्रत्येक पात्रासाठी दुसऱ्या पहिल्या भेटीचे संवाद लिहायचे आहेत. ते त्रोटक नकोत. समोरच्याला लागलेलं दुखणं त्यात दिसू दे.

पाणी, देवराई, वेस

कातळात खोदलेली टाकी कधी आटत नाहीत, कारण खोदलेलं घडत राहतं. जखम तिथल्या पाण्याने भरते आणि बुधला तिथेच भरतो. विहिरी आणि ओढे तहान भागवतात, जखम नाही.

देवराईत छिन्नी, कोयता, कुऱ्हाड काही चालत नाही. वाळकं लाकूडही तिथून उचलायचं नाही. कोरीव असं काहीच नसल्यामुळे कोरण्यातून परत आलेले शत्रू आत येऊ शकत नाहीत. पण वीरगळही तिथे नाही. देवराई सुरक्षित असते आणि तिथे सेव्ह होत नाही, हे दोन्ही एकाच कारणाने.

पुढचा प्रदेश बंद ठेवायला अदृश्य भिंत नाही, वेशीवरचा शापाचा दगड आहे. शिलाहारांच्या काळातल्या गधेगळांवरून हे घेतलं: वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि तो मोडणाऱ्याला शाप. आपल्या दगडावर लिहिलेलं असतं की जमीन कुणाला दिली. हक्कदाराच्या परवानगीविना वेस ओलांडली की पाठीवरचं ओझं पावलागणिक दुप्पट होतं. हक्कदार शोधणं हाच तिथला क्वेस्ट. खऱ्या गधेगळाच्या खालच्या भागात गाढव आणि स्त्रीचं जे शिल्प असतं ते आपण घेत नाही. एका मुलीच्या प्रवासाच्या गोष्टीत बाईची विटंबना धमकी म्हणून वापरायची नाही.

वाढ

लेव्हल नाही, एक्सपी नाही. तानीची ताकद सुरुवातीला असते तेवढीच शेवटी असते. वाढते ती वाट. कड्यावर ती पावठ्या खोदते आणि एकदा खोदलेली पावठी कायमची. दगड किती कठीण यावर छिन्नीची धार जाते, धार लावायला लोहार लागतो, लोहार गावात असतो. शत्रूवरही छिन्नीच चालते. परत आलेल्या शत्रूच्या अंगावर कोरीव रेषा दिसते, ती खरवडली की तो विरतो. म्हणून तानीची लढाई जवळून, बेतून आणि धीराने करायची आहे. तलवार तिच्या हातात कधीच येणार नाही.

इन्व्हेंटरी

पोवळा नावाचा बैल आणि त्याच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या. दोन्हीकडचं वजन जुळलं नाही तर ओझं घसरतं आणि चढावर बैल थांबतो. कड्यावर बैल जात नाही, तिथे फक्त कंबरेच्या बटव्यातलं सामान. पोवळा मरू शकत नाही, यावर चर्चा झाली आहे. कारण सोपं: धोंडिबाने त्याच्या शिंगावर तानीचं नाव कोरलं आहे.

पात्रं

तानी, वय 19. कमी बोलते, हाताने विचार करते. बापावर राग आहे आणि तो राग खरा आहे: तिला न विचारता तिला अमर केलं. तिला बाप शोधायचा आहे तो मिठी मारायला नाही, जाब विचारायला. आवाजात रडवेपणा नको.

धोंडिबा. पाचव्या प्रकरणापर्यंत फक्त त्याच्या कामातून भेटतो. पहिल्या दगडांवरचा हात सफाईदार, पुढच्या दगडांवर थरथरणारा. भेटीतला संवाद ठरला आहे:

"बा, वरची चौकट कोरी का ठेवलीस?"
"कोरली असती तर तू गेली असतीस."
"मग पुसून का नाही टाकलास दगड?"
"पुसला असता तरी गेली असतीस."

धोंडिबा पुढे काही बोलणार नाही. माफी मागायला लावू नका.

सोनाआजी, तांड्याबरोबर मीठ वाहणारी. अक्षर वाचत नाही, तरी तिला प्रत्येक वाट पाठ आहे, कारण ती गाऊन लक्षात ठेवते. नियमाला पहिला तडा तीच देते: न कोरलेलं तिच्याकडे टिकलं आहे. तानीला ती "पोरी" म्हणते, तानी तिला "तुम्ही" म्हणते. रांजणाला तिने कधी जकात दिलेली नाही.

जकातदार. नाव नाही, कारण त्याने तेही रांजणात टाकलं आहे. कधी ओरडत नाही. "बाई, वाट मोठी आहे, पाय दुखतील. द्या की ती आठवण, तुम्हाला काय करायची?" एवढंच. त्याला दुष्ट रंगवू नका. लोकांचं दुःख हलकं होतं यावर त्याचा विश्वास आहे आणि काही जणांचं खरंच होतं.

राणोजी, पहिला बॉस. त्याचा वीरगळ धुणं आपटून आपटून झिजला आहे. पूर्ण दगड, पण झिजलेला, म्हणून पोचलेला माणूस खाली घसरू लागला आहे. लढत तीन टप्प्यांची आणि वरून खाली: आधी पुजारी, मग अधांतरी तरंगणारा, शेवटी भेदरलेला तरुण सैनिक. जिंकायला त्याला मारायचं नाही, त्याच्या दगडावरची पुसट रेषा पुन्हा कोरायची.

काळ आणि शेवट

गेम पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतो, कारवी फुलण्याच्या वर्षी. कारवी सात वर्षांतून एकदा एकदम फुलते, बी धरते आणि मरते. पुढच्या पावसात सगळं रान पुन्हा उगवतं. कुणी कोरलेलं नसताना तिला सातवं वर्ष कळतं. प्रकरणांनुसार रानाचा रंग हिरव्याचा जांभळा आणि मग तपकिरी होतो. घरांचे कूड कारवीच्याच काठ्यांचे, त्यामुळे ते मोडतात आणि पुन्हा बांधावे लागतात. गावं सात वर्षांनी नवी दिसतात.

शेवट तीन. तानी वरची चौकट स्वतः कोरते आणि जाते. किंवा दगड तसाच ठेवून परतते. किंवा सगळे अर्धे वीरगळ खरवडून टाकते आणि आपली वाट सोनाआजीच्या ओव्यांत देते. तिसरा शेवट फक्त त्यालाच उघडतो ज्याने रांजण एकदाही वापरला नाही. हे खेळाडूला आधी सांगायचं नाही, पण सोनाआजीच्या पहिल्या ओवीत त्याची खूण असलीच पाहिजे.

नाकारलेलं

दुहेरी उडी, दुकानात मिळणारा शेंदूर, बैलासाठी पोशाख, रात्री चमकणारी शस्त्रं. पावसात छत्री हवी असा आग्रह आला होता, तिथे इरलं घ्या.

अजून न ठरलेलं

ट्युटोरियलमधलं पहिलं मरण. खेळाडू न मरता पहिली खिंड पार करू शकतो, मग वीरगळाचा अर्थ त्याला कळणार कसा? तानीला जबरदस्तीने मारणाऱ्या दृश्याला माझा विरोध आहे. सहा वर्षांच्या तानीचा ताप खेळायला द्यावा, अंथरुणावरून बापाच्या छिन्नीचा आवाज ऐकू यावा, असं माझं मत आहे. साउंड टेबलने त्याचा नमुना करून आणावा, मग ठरवू.