डॅशबोर्ड आता रोज सकाळी आपोआप ताजा होणार: कोणता आकडा कधी धरायचा

प्रति,
सर्व विभागप्रमुख (संकलन, गुणवत्ता नियंत्रण, उत्पादन, विक्री व वितरण, परिवहन, स्टोअर्स, लेखा)

नमस्कार,

येत्या 1 तारखेपासून संघाचा डॅशबोर्ड रोज सकाळी 6:30 वाजता आपोआप ताजा होईल. रविवारी आणि सणासुदीलाही. 6:50 पर्यंत काम पूर्ण होते, त्यामुळे सातला उघडलात तर नवे आकडे दिसतील. व्हॉट्सअॅप गटावर रोज अकराच्या सुमारास येणारा एक्सेल तक्ता त्याच दिवसापासून बंद होईल. दोन्ही काही दिवस चालू ठेवा, असे काहींनी सुचवले होते. पण दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की आढाव्याची बैठक आकडे जुळवण्यातच जाते, म्हणून तक्ता थांबवत आहोत.

साडेसहाची वेळ विचार करून ठरवली आहे. आपला दिवस सकाळी 6 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 6 असा धरला जातो. तोवर रात्रपाळीच्या नोंदी झालेल्या असतात आणि पाऊच दुधाच्या गाड्या गेटबाहेर पडलेल्या असतात. त्या वेळी गावोगावचे सकाळचे संकलन मात्र चालूच असते. म्हणून आजच्या सकाळचे दूध आजच्या पानावर दिसणार नाही, ते उद्या दिसेल.

आकडा ताजा झाला म्हणजे तो पक्का झाला, असे नाही. प्रत्येक आकड्याशेजारी आता हिरवी किंवा पिवळी खूण असेल. हिरवी म्हणजे पक्का, त्यावर निर्णय घ्यायला हरकत नाही. पिवळी म्हणजे कच्चा, त्यात अजून बदल होणार आहे. ढोबळमानाने वेळा अशा:

- डॉकवर आलेल्या टँकरचे वजन, लॅबचे फॅट-एसएनएफ, शीतगृहातला तयार माल, रात्रीची पाठवणी: त्याच सकाळी पक्के
- केंद्रांवरचे कालचे संकलन: दुपारी 12 नंतर पक्के, पानावर दुसऱ्या दिवशी सकाळी
- निव्वळ विक्री: तिसऱ्या दिवशी सकाळी
- उत्पादकांची देय रक्कम: लेखा विभागाने दशकाचे बिल बंद केल्यावरच

संकलन. संध्याकाळी वीज किंवा नेट गेले की केंद्राच्या यंत्रातली नोंद तिथेच अडकून राहते आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येते. सकाळी कालच्या संध्याकाळचे संकलन 38,400 किलो दिसले आणि मागच्या आठवड्यापेक्षा ते तीनेक हजारांनी कमी वाटले, तर लगेच पर्यवेक्षकांना फोन लावू नका. आधी शेजारचा छोटा आकडा पाहा. तिथे ‘आलेली केंद्रे 171/184’ असे असेल, तर 13 केंद्रांची नोंद यायची आहे. दूध घटले की नाही, हे त्यावरून ठरत नाही. दूध खाजगी डेअरीकडे वळते आहे का, हा गंभीर प्रश्न आहे आणि तो विचारायलाच हवा, पण 184/184 दिसल्यावर.

केंद्र आणि डॉक यांतला फरक. सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. केंद्रावर दूध लिटरमध्ये घेतले जाते, डॉकवर किलोत मोजले जाते. एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरते, म्हणजे 10,000 लिटरचे 10,300 किलो. जुन्या तक्त्यात हे दोन्ही रकाने शेजारी शेजारी होते आणि कुणी ते सरळ वजा केले, तर 300 ची ‘वाढ’ दिसायची. डॅशबोर्डवर आता सगळे किलोतच आहे. तरीही एका दिवसाचे दोन आकडे जुळणार नाहीत, कारण संध्याकाळचे दूध रात्रभर बल्क कूलरमध्ये राहते आणि डॉकवर दुसऱ्या दिवसात मोजले जाते. ही तुलना दहा दिवसांचीच करा आणि ती किलो फॅटवर करा. 10,300 किलो दुधात केंद्राने फॅट 3.8 लावले आणि लॅबला 3.7 मिळाले, तर 391.4 आणि 381.1, म्हणजे 10.3 किलो फॅटचा फरक पडतो. नुसते वजन पाहणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. फरक दिसला तर लॅबचा आकडा प्रमाण धरायचा आणि संबंधित केंद्राचे यंत्र तपासायला घ्यायचे.

उत्पादनातली रोजची घट टक्क्यांत दिसेल, पण ती कायम पिवळीच राहील. सायलोत रात्री किती दूध शिल्लक होते, यावर ती एका दिवसात वर-खाली होते. एका दिवसाच्या घटीवरून पाळीवरच्या माणसांना जाब विचारू नये, ही आग्रहाची विनंती. दशकाची घट हिरवी झाली की तिच्यावर अवश्य बोलू.

विक्री. ‘पाठवणी’ आणि ‘निव्वळ विक्री’ हे आता दोन वेगळे आकडे आहेत. पाठवणी गेटपासवरून येते आणि सकाळीच पक्की असते. निव्वळ विक्रीतून फुटक्या पिशव्या आणि परत आलेला माल वजा होतो, आणि रूटचा हिशेब मिटायला वेळ लागतो. रविवारची निव्वळ विक्री बुधवारी सकाळी धरा. वितरकांचे कमिशन काढताना पाठवणीचा आकडा वापरू नये.

उत्पादकांची देय रक्कम. हा आकडा तुमच्या माहितीसाठी आणि लेखा विभागाच्या रोख नियोजनासाठी आहे. संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव फोनवर विचारतील, तरी पिवळी खूण असताना कुणालाही रक्कम सांगू नका. आपण अंदाज सांगतो, गावात तो शब्द म्हणून पोचतो, आणि बिल कमी आले की त्या सचिवाला सकाळच्या रांगेत शेतकऱ्यांसमोर उत्तर द्यावे लागते. बिले 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर अशीच निघतील, त्यात काही बदल नाही.

डॅशबोर्ड उघडल्यावर सर्वांत आधी वर उजवीकडची ‘शेवटची अद्ययावत वेळ’ पाहा. काही कारणाने सकाळचे काम अडले तर पान रिकामे होत नाही, कालचेच आकडे तसेच दिसत राहतात आणि ते आजचे वाटतात. तिथे आजची तारीख नसेल तर एकही आकडा वापरू नका, एमआयएसच्या टेबलावर फोन करा. स्क्रीनशॉट पुढे पाठवताना ती वेळ चित्रात येऊ द्या.

चूक आढळली तर दुरुस्ती मूळ नोंदीतच करायची, तीही संबंधित विभागाने. एमआयएस विभाग डॅशबोर्डवरचा कोणताही आकडा हाताने बदलणार नाही, सांगितले तरी नाही. दुरुस्त केलेली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप दिसेल.

आपल्याकडून एकच हवे आहे. पहाटे 6 च्या आत विभागाच्या नोंदी पूर्ण करण्याची जबाबदारी कोणाची आणि ते रजेवर असताना कोणाची, ही दोन नावे 28 तारखेपर्यंत कळवा. लॅब आणि परिवहन विभागाने तिन्ही पाळ्यांसाठी वेगळी नावे द्यावीत. ज्यांना लॉगिन मिळालेले नाही त्यांनीही याच निरोपाला उत्तर द्यावे, म्हणजे 1 तारखेच्या आधी व्यवस्था होईल.

आपला,
व्यवस्थापक, एमआयएस विभाग