सनाच्या वहीचं पान मराठीत : हैदराबाद मुक्तिसंग्राम, सोमवारचा पेपर

वैष्णवी, तू ताईच्या लग्नात होतीस त्या दिवशीचं हे लेक्चर. सर मराठीत शिकवतात आणि सना ऐकता ऐकता उर्दूत उतरवून घेते, म्हणजे हे पान एकदा मराठीतून उर्दूत गेलंय आणि आता मी ते परत मराठीत आणायलोय. मला अक्षरं लावून वाचता येतं पण तिचा हात लै फास्ट चालतो, अर्धे नुक्ते देतच नाही, म्हणून अडलं तिथं आजोबांना बसवलं. ते निजामाच्या शाळेत पाचवीपर्यंत उर्दूत शिकलेत. भिंग लावून मोबाईल बघत बसले आणि दोन वेळा म्हणाले की पोरीचं अक्षर चांगलंय, फक्त घाई आहे. पानात नसलेलं काही मी घातलं असेल तर तिथं "माझं" लिहिलंय, ते सनाच्या नावावर धरू नको.

आधी आकड्यांचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच होता. उर्दूत ओळ उजवीकडून वाचायची पण आकडा मात्र डावीकडून. आणि उर्दूचा ७ म्हणजे इंग्रजी व्ही सारखा, ८ म्हणजे तोच उलटा केलेला. सना घाईत दोन्ही जवळपास सारखेच काढते, त्यामुळं १९४७ आणि १९४८ मध्ये फरकच कळंना. पहिल्यांदा मी निजाम आणि भारत सरकारमधला जैसे थे करार २९ नोव्हेंबर १९४८ असा वाचला आणि लिहूनही टाकला. मग डोक्यात आलं की पोलीस ॲक्शन, म्हणजे ऑपरेशन पोलो, सप्टेंबर ४८ ला झाली, त्याच्यानंतर करार कसा होईल? म्हणजे ते ४७ च. तू पण तिच्या वहीचा फोटो बघून तारीख लिहिणार असशील तर आधी घटना कोणती आधीची कोणती नंतरची ते बघ.

आता मुद्दे.

संस्थानात १६ जिल्हे, त्यात ८ तेलंगणाचे, ५ मराठवाड्याचे, ३ कानडी. आपले पाच म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे नंतर झाले, उत्तरात आठ लिहू नको. माझं : उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अलीनं फर्मान काढलं की भारतात नाही, पाकिस्तानात नाही, इंग्रज गेले की आपण स्वतंत्र.

हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ ची, निघाली की लगेच बंदी. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातलं वंदे मातरम आंदोलन. नेते स्वामी रामानंद तीर्थ. ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील व्हा दिवस पाळला, १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक. मग लोक सरहद्दीवरच्या कॅम्पातून लढायला लागले. सनानं इथं फक्त "सरहद" लिहून खाली दोनदा रेघ मारलीय, मला वाटतं सरांनी जोर देऊन सांगितलं असणार.

जैसे थे करार, २९ नोव्हेंबर १९४७, मुदत एक वर्ष. भारताकडून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत एजंट जनरल म्हणून. निजामाचा पंतप्रधान लायक अली. सनानं "सद्र-ए-आझम" लिहिलंय, ते राष्ट्राध्यक्ष वाटेल पण संस्थानात पंतप्रधानालाच तसं म्हणायचे हे आजोबांनी सांगितलं. मी पण आधी चुकलोच होतो.

रझाकार म्हणजे इत्तेहादुल मुसलमीन पक्षाची सशस्त्र संघटना, पुढारी कासीम रझवी, लातूरचा वकील.

आता जो मुद्दा सांगायलोय तो नीट वाच, आपल्या गाईडमध्ये तो एका ओळीत पण नाही आणि सनाच्या पानावर त्याला पाच ओळी आहेत. शोएबुल्ला खान, इमरोज नावाच्या उर्दू पेपरचे संपादक. हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं ते उघड लिहायचे, रझाकारांवर टीका करायचे, ते पण उर्दूत, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायलेत ते रोज वाचणार हे माहीत असून. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी जाताना त्यांच्यावर हल्ला झाला, हात तोडला, आणि त्यातच ते गेले. सनानं समासात बारीक लिहिलंय "हात, कारण त्या हातानं लिहायचे". ही ओळ वाचून आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. "मुस्लिमांचा सहभाग" किंवा "वृत्तपत्रांची भूमिका" असा प्रश्न आला तर हा मुद्दा सगळ्यात आधी लिही, अर्धा वर्ग हे लिहिणारच नाही.

ऑपरेशन पोलो, १३ ते १७ सप्टेंबर १९४८. इथं पण २ आणि ३ चा घोळ, उर्दूत त्यांच्यात एका दाताचा फरक असतो, मी मोठं करून दात मोजले, १३ च आहे. मुख्य फौज सोलापूरच्या बाजूनं आली, सेनापती जे. एन. चौधरी. पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली, हैदराबादच्या फौजेचा प्रमुख अल इद्रूस यानं १८ ला चौधरींपुढं रीतसर शरणागती दिली. म्हणून मुक्तिदिन १७ सप्टेंबर, १८ लिहिलं की मार्क गेला.

या भागाचं हेडिंग सनानं "सुकूत-ए-हैदराबाद" असं दिलंय. मी त्याचा अर्थ हैदराबादची शांतता असा लावला होता. आजोबा म्हणाले, बाळा, सुकूत दोन आहेत, लहान काफ आणि शेवटी ते असलं तर गप्प राहणं, मोठा काफ आणि शेवटी तोय असलं तर पडणं, हे पडणं आहे, म्हणजे हैदराबादचा पाडाव. सनाला विचारलं तर म्हणाली, घरी मोठी माणसं हाच शब्द वापरतात, सर मुक्तिसंग्राम म्हणाले तरी माझा हात सवयीनं तोच लिहून गेला. पेपरात तू मुक्तिसंग्रामच लिही, पण तिच्या वहीत हा शब्द पुढं परत येईल तेव्हा विषय तोच आहे हे लक्षात ठेव.

शेवटच्या दोन ओळींवर फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलाय. सनाला मेसेज केला, तिनं व्हॉइस नोट पाठवली ती अशी : निजाम २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख, १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

पुढचं पान पण तिच्याकडंच आहे, तेलंगणातल्या शेतकरी लढ्याचं. उद्या कॉलेजात फोटो काढशील तर वही सपाट ठेव आणि अंगठा बाहेर, आजोबा दुपारी चारनंतर मोकळे असतात.