पक्षीनिरीक्षण कार्यशाळेत करून दिलेली एका मिनिटाची ओळख

नमस्कार मंडळी! मी सुनंदा, एसटीत कंडक्टर. रोज निफाडच्या बाजूला गाडी असते, त्यामुळे इथल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी तिकीट दिलेलं असणार. ज्यांचे सुट्टे राहिलेत त्यांनी चहाच्या वेळेला भेटा, आज पर्समध्ये चिल्लर आहे.

पक्ष्यांचा नाद मला गाडीतच लागला. कंडक्टरची नजर सारखी फिरत असते. कोण चढलं, कोण उतरलं, कोण सीटखाली कोंबडी घेऊन बसलंय. तीच नजर एकदा खिडकीबाहेर गेली आणि तारेवरचा कोतवाल दिसला. एवढासा काळा पक्षी, शेपटी दुभंगलेली, आणि घारीला पिटाळत होता! त्याच्या भरवशावर होले, बुलबुल शेजारच्या झाडावर घरटी बांधतात. वर शिक्र्याचा आवाज काढून भल्याभल्यांना पळवतो. बाजाराच्या दिवशी मला गाडीच्या दारात असा एक उभा हवाय.

कोकिळेशी मात्र माझं जमत नाही. कावळ्याच्या घरट्यात अंडं ठेवते आणि पोराचा पुढचा सगळा प्रवास फुकट! तक्रार पुस्तक माझ्याकडे असतं, कावळ्याने कधीही मागावं.

पण माझा सगळ्यात लाडका कमळपक्षी. आपल्या नांदूर मध्यमेश्वरला पाण्यावरच्या पानांवरून लांब पाय टाकत टाकत चालत असतो, बघत राहावं असा. त्याच्यात मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवायची ती बापाने, पिल्लं सांभाळायची तीही बापाने. हे मी डेपोत जेवताना सांगितलं, तर मैत्रिणींचे घास हातातच राहिले. एकीने विचारलं, "तिकडे विनंती बदली मिळते का गं?" तेव्हापासून डेपोतल्या सगळ्या जणी माझ्याकडे कमळपक्ष्याची चौकशी करतात. पुढच्या सुट्टीला त्यांना घेऊन येणार आहे, दुर्बिणी जपून ठेवा.

आज मला बदकं शिकायची आहेत. हळदी-कुंकू बदक ओळखते मी. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू, एवढं नटून आल्यावर कोण चुकेल? पण थंडीत पाहुणी येतात त्या थापट्या आणि तलवार बदकांच्या माद्या! नर रंगीबेरंगी, माद्या सगळ्या तपकिरी, आणि बसतात एकाच घोळक्यात. एवढ्या लांबून उडत आपल्या गोदावरीवर आलेल्या बाईला नावानं हाक मारता आली पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं. सरांनी त्यांच्या चोची नीट दाखवाव्यात, पुढची सीट मी सकाळीच रुमाल टाकून धरलीय.

झालं माझं मिनिट. डबल बेल! पुढचे बोला.