वसतिगृहाच्या नियमांबद्दल पालकांना पत्र

आई-बाबांनो, नमस्कार.

मुलीसोबत नियमपुस्तिका घरी पाठवली आहे. सही करण्याआधी हे वाचा, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या.

फाटक संध्याकाळी ७ वाजता बंद होतं. गावाहून परतताना एसटी चुकली तर लगेच मला फोन करा. कळवलेल्या उशिराची शिक्षा नाही. न कळवता उशीर झाला, तर आम्ही रात्रीच तुम्हाला फोन करू.

भेट रविवारी आणि बाजाराच्या दिवशी, १० ते ४. ओळखपत्रावर फोटो असलेल्यांनाच भेटता येईल. मामा असो की चुलतभाऊ, फोटो नसेल तर फाटकातूनच परत. राग मानू नका, तुमच्याच लेकीसाठी आहे.

मेसचे महिन्याला २,४०० रुपये, १० तारखेपर्यंत. कापूस विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी अर्ज द्या, दिवाळीनंतर दोन हप्त्यांत भरा. पैसे थकले म्हणून कुणाचंही ताट बंद होणार नाही. आधी कळवून सलग चार दिवसांपेक्षा जास्त सुट्टी घेतली, तर रोजचे ७० रुपये वजा होतील.

नियम मोडला तर पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा लेखी नोटीस, तिसऱ्यांदा प्रवेश रद्द. त्याआधी तुमच्यासमोर मुलीचं म्हणणं ऐकलं जाईल. रॅगिंगला मात्र समज नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या मुलीला कुणी त्रास देत असेल, तर रात्री-बेरात्रीही फोन करा.

सही केलेलं पान येत्या रविवारी आणा.

– गृहपाल, मुलींचे वसतिगृह