गोडोलीच्या घराचं इंटरनेट: हेल्पलाइनला फोन लावल्यावर वाचायचा कागद

बाबा, गुरुवारी सकाळी दहाच्या आधी फोन लावा, त्या वेळी रांग कमी असते. तुमच्याच मोबाइलवरून लावा, खातं त्याच नंबरवर आहे. बॉक्ससमोर खुर्ची घेऊन बसा, चष्मा लावा, पेन जवळ ठेवा. तुम्ही बोलायचं ते अवतरणचिन्हांत आहे, ते जसंच्या तसं वाचायचं. बाकीचं तुमच्यासाठी आहे.

मशीन बोलायला लागलं की मराठी निवडा आणि मग "इंटरनेट बंद किंवा तुटतंय" हा पर्याय घ्या. "स्पीड कमी" घेऊ नका. तो घेतला की वायफायच्या चौकशीतच वीस मिनिटं जातात.

माणूस लाइनवर आला की:

"नमस्कार. मी जगताप बोलतोय, सातारा, गोडोली. ग्राहक क्रमांक चार शून्य सात एक, एक नऊ दोन आठ. आमची फायबर लाइन दिवसातून तीन ते सहा वेळा तुटते. ही त्याच कारणाची तिसरी तक्रार आहे, आधीच्या 8 जुलैला आणि 12 जुलैला केल्या होत्या. दोन्ही न सुटताच बंद केल्या. दोष वायफायचा नाही, घराबाहेरच्या फायबरचा आहे, असं आमच्या तपासणीत दिसतंय. मी लाइट आणि आकडे सांगतो, ते तक्रारीत लिहून घ्या. दोन मिनिटं लागतील."

इथे थांबा. "हो सर, सांगा" असं म्हटल्यावरच पुढे जा. ते मध्येच "आधी राउटर बंद करून चालू करा" म्हणतील. त्यावर चिडायचं नाही, त्यांच्या समोरच्या स्क्रीनवर तीच पहिली पायरी असते. तुम्ही म्हणा:

"ते रविवारी दोनदा केलं, पाच-पाच मिनिटं बंद ठेवून. सिग्नलचा आकडा जराही बदलला नाही. आता मी मुद्दाम बंद करत नाहीये. तुमच्या सिस्टीममध्ये आमचं कनेक्शन शेवटचं कशामुळे तुटलं त्याची नोंद असते. वीज गेली असेल तर तिथे डायिंग गॅस्प दिसतं, फायबरचा प्रकाश गेला असेल तर एलओएस दिसतं. मी आत्ता बटण बंद केलं तर त्या जागी वीज गेल्याची नोंद बसेल. ती आधीची नोंद तुम्ही बघा, किंवा ज्यांना दिसते त्यांच्याकडे तक्रार द्या."

हा मुद्दा सोडू नका, बाबा. 8 तारखेला माणूस आला, त्यानं वायफायचं चॅनल बदललं आणि गेला. त्याला ही नोंद कुणी दाखवलीच नव्हती.

आता लाइट. पीओएन हा कंपनीशी फायबर जोडलेलं असल्याचा लाइट, एलओएस हा फायबरचा प्रकाश गेल्याचा. बॉक्सकडे बघतच वाचा, म्हणजे मध्ये काही विचारलं तर गोंधळ होणार नाही. सगळं नीट चालू असताना:

"पॉवर हिरवा, स्थिर. पीओएन हिरवा, स्थिर. एलओएस बंद. लॅन आणि वायफाय लुकलुकतात."

आणि लाइन तुटते तेव्हा:

"पॉवर तसाच हिरवा राहतो, म्हणजे वीज जात नाही. बॉक्स इन्व्हर्टरवर आहे. आधी एलओएस लाल लुकलुकतो आणि पीओएन विझतो. चाळीस सेकंदांपासून चार मिनिटांपर्यंत असं राहतं. मग लाल जातो, पीओएन काही वेळ लुकलुकतो आणि स्थिर होतो. त्यानंतर मिनिटाभरात इंटरनेट आपोआप येतं. आम्ही कशालाही हात लावलेला नसतो. वायफायचा लाइट या सगळ्या वेळात चालूच असतो आणि मोबाइलवर वायफायच्या पूर्ण रेषा दिसतात."

शेवटचं वाक्य सावकाश वाचा. "मोबाइल राउटरजवळ नेऊन बघा" हे त्यावरच मिटतं.

वेळा तुम्हीच कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात, त्या तशाच सांगा:

"सोमवार 14 जुलै, सकाळी 11:20, दुपारी 3:05, संध्याकाळी 7:12 आणि 7:41. मंगळवार 15 जुलै, दुपारी 2:30 पासून पाऊणएक तासात सहा वेळा. बुधवार 16 जुलै, संध्याकाळी 6:50, 7:18, 8:02. वारा सुटला की तुटते. मंगळवारी दुपारी जोराचा वारा होता, तेव्हा सहा वेळा तुटली. सोमवारी रात्री वारा पडल्यावर सकाळपर्यंत एकदाही नाही."

मी रविवारी गच्चीतून बघितलं. खांबावरून आपल्याकडे येणारी काळी वायर गुलमोहराच्या कापलेल्या फांदीच्या खुंटावर टेकली आहे. वारा आला की ती त्या खुंटावर पुढे-मागे घासते. तिथे तिचं वरचं काळं आवरण पांढरट झालंय आणि जरा पुढे तिला एक कोपरा पडल्यासारखा दिसतो. फायबर असं कोपऱ्यात वाकलं की प्रकाश तिथून बाहेर निसटतो. फोनवर मात्र एवढंच सांगा:

"खांब आणि घर यांच्यामध्ये वायर झाडाच्या खुंटावर घासते आहे. तिथे ती वाकलेली दिसते. फोटो आहे, तुमच्या माणसाला दाखवतो."

मग आकडे. मायनसपुढचा आकडा जेवढा मोठा, तेवढा येणारा प्रकाश कमी. सगळ्यात वजनदार हेच, म्हणून एकेक अंक सुटा वाचा आणि त्यांना परत म्हणायला सांगा.

"राउटरच्या पानावर फायबरचा रिसीव्ह सिग्नल रविवारी मायनस 28.1 डीबीएम होता. काल, बुधवारी संध्याकाळी, तो मायनस 29.4 होता. कनेक्शन दिलं त्या दिवशी तुमच्याच माणसानं बॉक्सच्या मागच्या स्टिकरवर मायनस 19.2 लिहिलं आहे. म्हणजे दहा डीबीपेक्षा जास्त घट. पहिल्या दिवशी जेवढा प्रकाश यायचा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आता येतोय. या प्रकारच्या लाइनला साधारण मायनस 8 ते मायनस 27 लागतात. आम्ही त्याच्या खाली आहोत."

स्टिकर बघायला बॉक्स उचलू नका. फोटो तुमच्या मोबाइलमध्ये पाठवला आहे, बुधवारच्या आकड्याचाही.

"लॅपटॉप केबलनं जोडून, वायफाय बंद ठेवून दोन पिंग एकाच वेळी चालवले."

पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. त्यांनी नेमकं काय चालवलं विचारलं तर हे दोन:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

"पहिला पिंग आमच्याच राउटरला. शंभरपैकी शंभर उत्तरं आली. दुसरा बाहेरच्या सर्व्हरला. त्यात 31 उत्तरं आली नाहीत, ती सलग, आणि नेमकी त्याच वेळी एलओएस लाल होता. म्हणजे लॅपटॉपपासून राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, तुटतं ते राउटरच्या पलीकडे. लाइन चालू असते तेव्हा शंभरच्या प्लॅनला केबलवर 94 मिळतात. स्पीडची तक्रार नाही."

"शेजारी पवारांकडे तुमचंच कनेक्शन आहे, त्याच खांबावरच्या डब्यातून. आमची लाइन तुटते तेव्हा त्यांचा पीओएन हिरवा, स्थिर असतो. मी दोनदा जाऊन बघितलं. म्हणजे भागातली मुख्य लाइन ठीक आहे. डब्यापासून आमच्या घरापर्यंतच्या तुकड्यात दोष आहे."

यानंतर ते बहुधा यातलं एखादं करायला सांगतील.

बॉक्सच्या बारीक भोकात पिन घालून रिसेट करायला सांगितलं तर: "नाही. त्यानं कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाईल आणि सिग्नल वाढणार नाही." याला हो म्हणूच नका, बाबा. ते परत भरायला मला साताऱ्याला यावं लागेल.

पिवळी वायर काढून परत लावायला सांगितलं तर: "हिरवा प्लग मी काढणार नाही. टोकाला धूळ बसली तर सिग्नल अजून पडेल. तुमचा माणूस टोक साफ करून बघेल." तुम्ही स्वतःही कुतूहलानं ते टोक काढून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. आईलाही सांगून ठेवा, त्या कोपऱ्यात झाडू जपून फिरवायचा.

मोठा प्लॅन किंवा नवीन राउटर घ्यायला सांगितलं तर: "मायनस 29वर कुठलाच राउटर आणि कुठलाच प्लॅन नीट चालणार नाही. आधी लाइन दुरुस्त करा."

"आत्ता तर आमच्याकडे तुम्ही ऑनलाइन दिसताय" म्हणाले तर: "हो, आत्ता वारा नाही. आत्ताचा सिग्नल किती दिसतो ते आकड्यात सांगा." जो आकडा सांगतील तो वेळेसकट इथे कडेला लिहा. तो मायनस 27च्या खाली, म्हणजे मायनस 28, 29 असा निघाला तर त्यांच्याच तोंडून दोष सिद्ध झाला.

मग मागणी. आवाज चढवायचा नाही, पण एकही वाक्य गाळायचं नाही:

"मला फायबरचा माणूस हवा आहे, वायफायचा नको. त्याच्याकडे पॉवर मीटर आणि फायबर जोडायचं स्प्लायसिंगचं मशीन असावं. त्यानं आधी खांबावरच्या डब्यात सिग्नल मोजावा, मग घरात. दोन्हींत मोठा फरक निघाला तर मधली वायर बदलावी आणि झाडापासून लांबून घ्यावी. काम झाल्यावर घरातला सिग्नल मायनस 22च्या आसपास आल्याचं मला मीटरवर दाखवावं, त्यानंतरच तक्रार बंद करावी. फोनवरून बंद करू नये. मी दिवसभर घरी आहे. माझी पत्नी संध्याकाळी सात ते साडेआठ दहावीच्या अकरा मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. या आठवड्यात सोमवारी आणि बुधवारी तिचा वर्ग मध्येच तुटला."

आईच्या वर्गाचं सांगताना संकोच करू नका. मुलांची परीक्षा आहे, ती तक्रारीतली खरी गोष्ट आहे.

"तीन ते पाच दिवस लागतील" असं म्हणाले तर: "तिसरी तक्रार आहे, वरच्या पातळीवर द्या. ज्यांच्याकडे देताय त्यांचं पद सांगा." तरीही नाहीच म्हणाले तर: "मग मला तुमच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं आहे. त्यांचा ईमेल सांगा, मी लिहून घेतो." ट्रायच्या 2012च्या नियमांत ही सोय आहे आणि तक्रारीला डॉकेट नंबरही द्यावाच लागतो. तो घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

"डॉकेट नंबर सांगा. एकेक अंक. मी परत वाचून दाखवतो. तक्रारीत 'एलओएस, रिसीव्ह सिग्नल मायनस 29.4, बाहेरची वायर' असं लिहिलंय का, ते मला वाचून दाखवा."

"लो स्पीड" किंवा "वायफाय इश्यू" असं वाचलं तर तिथल्या तिथे बदलून घ्या, कारण माणूस कुठलं सामान घेऊन येणार ते त्या एका ओळीवर ठरतं.

नंबर याच कागदावर खाली लिहा, फोटो काढून मला पाठवा. माणूस आला की त्याला आधी गच्चीत न्या आणि खुंट दाखवा. तो डब्यातला आकडा मोजेल तेव्हा मला व्हिडिओ कॉल करा, तुमच्या मोबाइलच्या डेटावरून.